चारही कोपरे दिसू द्या

जुलैत लोणावळ्याला काही म्हणजे काही स्पष्ट दिसत नाही, आणि तेच बघायला मुंबई-पुण्याची माणसं घाटात गाड्यांच्या रांगा लावून येतात. टायगर पॉइंटवर समोर दरी आहे असं कणसं भाजणारी बाई सांगते, म्हणून ती आहे असं मानायचं. पर्यटक त्या पांढऱ्या शून्याकडे पाठ करून फोटो काढतात. फोटोत निम्मा चेहरा, थोडी छत्री आणि बाकी ढग येतो. तो फोटो जगभर चालतो, त्याला शेकडो अंगठे मिळतात. याच महिन्यात, याच उजेडात, याच फोनने काढलेला ओळखपत्राचा फोटो मात्र कुणीही स्वीकारत नाही.

हे आमच्या मामांमुळे कळलं. पवना धरणाच्या पाण्याकडेला मामांचे तंबू आहेत. दोन शेतं, एक चूल, शेकोटी, बार्बेक्यू म्हणून कोंबडीचे तुकडे आणि सकाळी पोहे. सगळं बुकिंग सोशल मीडियावरच्या एका पानावर चालतं. एके दिवशी मामांचा फोन भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून वाहून गेला. (मामा तिथे काय करत होते, हा प्रश्न मामींनी विचारून झालेला आहे.) नवा फोन घेतला, पण खातं उघडेना. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. 'विसरलात का' वर बोट ठेवलं तर कोड एका ईमेलवर जाणार होता, आणि ते ईमेल काही वर्षांपूर्वी मोबाइलच्या दुकानातल्या पोराने, फोन विकता विकता, स्वतःच्या मनाने काढून दिलेलं होतं. दुकान आता मोमोजचं झालंय. पोरगा दुबईला आहे म्हणतात. तेव्हा उरला एकच रस्ता: ओळखपत्राचा फोटो चढवा, आम्ही तपासतो.

"एवढंच ना?" मामा म्हणाले. "आधार काढा."

आपल्याकडे ओळखपत्राला तोटा नाही. देशातलं पहिलं आधार 2010 च्या सप्टेंबरात आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, आणि तेव्हापासून आपण त्याच्या झेरॉक्स काढतोय. मामांचं आधार अगदी सुरुवातीच्या काळातलं. लांब पत्रातून खालचा तुकडा कात्रीने कापला, लॅमिनेशन केलं, आणि ते तांदळाच्या डब्याखाली ठेवलं, कारण तिथे ते वाकत नाही. इंद्रायणी तांदळाचा मंद वास येणारं ते कार्ड बाहेर आलं आणि रात्री नऊ वाजता, ट्यूबलाइटखाली, फुलाफुलांच्या चादरीवर सोहळा सुरू झाला.

मामेभावाने पहिला फोटो फ्लॅश मारून काढला. लॅमिनेशनवर पांढरा डाग पडला तो थेट मामांच्या कपाळावर. मग फ्लॅश बंद केला, तर ट्यूबलाइटची आख्खी दांडी आधार क्रमांकावर आडवी उमटली. मग मामींनी कार्ड हातात धरलं, तर अंगठ्याने एक कोपरा झाकला. शेवटी जमलेल्या फोटोतली चादर, अंगठा, टेबलाची कड हे सगळं मामेभावाने काटेकोरपणे कापून टाकलं. कार्डाच्या रेषेला रेष. फोटो इतका नेटका झाला की मामा म्हणाले, "हा फ्रेम करून लावला पाहिजे." चढवला. उत्तर आलं: आम्ही तुमच्या ओळखीची खात्री करू शकलो नाही.

कारण? कारण नाही. सरकारी कचेरीतला कारकून निदान "साहेब जेवायला गेलेत" एवढं तरी सांगतो. त्यात काळवेळ कळते, साहेब आहेत हेही कळतं.

मग पुढचे प्रयोग झाले. गावातल्या झेरॉक्सवाल्याने कार्ड स्कॅन करून काळं-पांढरं, चकचकीत, सावलीविरहित करून दिलं. तेही परत. मामेभावाने आधारची पीडीएफ उतरवून लॅपटॉपवर उघडली आणि पडद्याचा फोटो काढला. तोही परत. मामांच्या एका मित्राने स्वतःच्या चांगल्या फोनने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, तो चढवला. परत. मामा आता कंपनीला उद्देशून बोलू लागले. "आरं, ह्याला दिसंना का? आख्खा तालुका मला वळखतो!"

शनिवारी सकाळच्या लोकलने मामांची मुलगी कामशेतला उतरली. ती हिंजवडीला नोकरी करते, आणि मधली दोनेक वर्षं तिचं काम नेमकं हेच होतं: यंत्राने शंका घेतलेले ओळखपत्रांचे फोटो दिवसभर बघायचे आणि होय किंवा नाही म्हणायचं. हे काम ती करायची हे घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं. 'कॉम्प्युटरवर असते' एवढ्यावर सगळे समाधानी होते.

तिने नाकारलेले फोटो क्रमाने पाहिले आणि पहिला दोष दिला तो त्या फ्रेम करण्याजोग्या फोटोला. "आप्पा, कड कुठाय?"

"कड कशाला पायजे? नाव हाय, फोटो हाय, नंबर हाय."

इथे खरी गंमत आहे. आपली समजूत अशी की पलीकडे कुणीतरी नाव वाचतंय. वाचतंय तर खरंच, पण ते दुसरं काम. पहिलं काम म्हणजे समोर आहे ती वस्तू आहे की नुसतं चित्र, हे ठरवणं. खरं कार्ड कुठल्या तरी पृष्ठभागावर पडलेलं असतं, त्याला जाडी असते, गोल कोपरे असतात, कडेला बारीकशी सावली असते. यंत्र आधी चार कडा आणि चार कोपरे शोधतं, त्यावरून कार्ड किती तिरकं आहे ते काढून ते सरळ करतं, आणि मगच आत काय लिहिलंय तिकडे वळतं. प्लास्टिकच्या कार्डाचं माप सगळ्या जगात ठरलेलं आहे, 85.6 बाय 54 मिलिमीटर. कडा सापडल्या की हे प्रमाण जुळतंय का ते तपासता येतं. रेषेला रेष कापलेल्या फोटोत कडेपलीकडे काहीच नसतं. मग ही कार्डाची कड की कात्रीची, हे यंत्राला कळायला मार्ग नाही. शिवाय कापलेला फोटो म्हणजे कुणीतरी हात लावलेला फोटो. ज्याने कड कापली, त्याने आत नाव बदललं नसेल कशावरून?

म्हणजे आमच्या मामेभावाने जी जी स्वच्छता केली, ती ती संशयात जमा झाली. आणि ही सवय त्याला लावली कुणी? आपणच. या देशात परीक्षेचा, नोकरीचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी 'फोटो 20 ते 50 केबी' ही ओळ वाचलेली असते. त्यापायी आपण फोटो कापतो, दाबतो, पुन्हा कापतो, सायबर कॅफेवाल्याला दहा रुपये देऊन आणखी दाबून घेतो. अशी वर्षानुवर्षं तालीम झालेला माणूस परदेशी कंपनीला फोटो पाठवताना आपोआप कात्री घेऊनच बसतो. आणि कंपनी म्हणते, टेबलही दाखवा.

झेरॉक्सवाल्याच्या चकचकीत स्कॅनचं दुखणंही तेच. रंग गेले, सावली गेली, मागचं सगळं पांढरं झालं, म्हणजे वस्तू जाऊन चित्र उरलं. फोनमधली स्कॅन करणारी ॲप्ससुद्धा मदत म्हणून हेच करतात. लॅपटॉपच्या पडद्याच्या फोटोत तर चोरी उघडच दिसते. पडद्याचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांवर पडले की बारीक लाटांची नक्षी उमटते. ती आपल्या डोळ्याला चटकन दिसत नाही, यंत्राला ती आधी दिसते.

मामा एव्हाना गप्प होऊन चहा ओतत होते. म्हणाले, "बरं, कापलेला ऱ्हाऊ दे. पण मित्रानं धाडलेला जरासा पुसट होता, तो तर कापला नव्हता. मला वाचता येत होता की."

मामांना वाचता येणारच, कारण त्यांना स्वतःचं नाव आधीपासून माहीत आहे. आपण पुसट अक्षरं वाचत नाही, ओळखतो. तालुक्याच्या नावाचा 'मा' दिसला की 'वळ' आपण पदरचं घालतो. ओळख पटवणाऱ्या यंत्राला पदरचं घालायची परवानगी नाही. पुसट फोटोत 3 आणि 8 सारखेच, 1 आणि 7 सख्खे भाऊ. 13/08 चा 18/03 झाला की जन्मतारीख पार वसंत ऋतूत जाते. शिवाय मामेबहिणीने सांगितलेली एक गोष्ट मला पटली: खोटं कार्ड बनवणारे मुद्दामच पुसट फोटो पाठवतात. अक्षराचा वळसा चुकलाय, फोटोभोवतीची नक्षी तुटलीय, हे सगळं पुसटपणात लपतं. त्यामुळे पुसट फोटो आला की 'बिचाऱ्याचा हात हलला असेल' असं तिथे कुणी म्हणत नाही.

हात का हलतो, याला मात्र आपलं हवामान जबाबदार आहे. पावसाळ्यात मावळातल्या घरात दुपारी तीन वाजताही दिवा लावावा लागतो. उजेड कमी असला की कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो आणि तेवढ्या वेळात हात जराही हलला तर अक्षराला शेपूट फुटतं. त्यात ओल्या हवेने भिंगावर दमट थर बसलेला, आणि त्यावर मघाच्या कांदाभज्यांच्या बोटाचा ठसा. यावर आपण उपाय काय करतो? फोन आणखी जवळ नेतो. कार्ड पडदाभर दिसलं म्हणजे फोटो चांगला, अशी ठाम समजूत. पण बहुतेक फोनांच्या मुख्य कॅमेऱ्याला अगदी जवळचं नीट दिसतच नाही. बोटभर अंतरावरून कार्ड मोठं दिसतं खरं, पण मोठं आणि पुसट.

आता मामेबहिणीने सूत्रं हातात घेतली. आधार नको म्हणाली, कारण त्या जुन्या कार्डावर पूर्ण जन्मतारीख नाही, नुसतं 'जन्म वर्ष : 1966' आहे. सुरुवातीच्या काळातल्या पुष्कळ कार्डांवर तेवढंच असायचं. खात्यात पूर्ण तारीख भरलेली असेल तर नुसत्या वर्षाने ती जुळणार कशी? बाजारात प्लास्टिकवर छापून घेतलेलं दुसरं एक आधार मामांनी पाकिटातून अभिमानाने काढलं. तेही बाद. तसल्या छापील कार्डांवर सुरक्षेच्या खुणाच नसतात, ती घेऊ नका, असं आधारवाल्यांनीच 2022 च्या जानेवारीत सांगितलेलं आहे. त्यांच्याकडून मागवलेल्या प्लास्टिक कार्डावर होलोग्राम असतो, बारीक अक्षरं असतात, पुसट दुसरा फोटो असतो. मामांच्या कार्डाच्या मागच्या बाजूला छापणाऱ्याने गणपती टाकला होता.

कंपनीच्या यादीत पॅन कार्ड होतं. त्यावर नाव आहे, पूर्ण तारीख आहे, फोटो आहे आणि पत्ता नाही, म्हणजे गरज नसलेली माहितीही जात नाही. पॅन बाहेर निघालं, पण प्लास्टिकच्या पाकिटासकट. "पाकिटातनं काढा." मामांना ते जिवावर आलं. बारा वर्षांत ते कधी निघालं नव्हतं.

मग जागा. फुलांची चादर नको, कारण प्रत्येक पाकळीची कड यंत्राला कार्डाची कड वाटते. पांढरी फरशी नको, कारण फिकट कार्ड तिच्यात विरघळतं. गडद, एकरंगी, सपाट काहीतरी हवं. मामी आत गेल्या आणि काळी घोंगडी घेऊन आल्या. "घोंगडीवर?" मामा हादरले. "तिकडं अमेरिकेत साहेब काय म्हणंल?" साहेबाला घोंगडीशी कर्तव्य नव्हतं, पण मामांनी ती आधी झटकून घेतली.

घोंगडीची घडी पडवीत ठेवली, जिथे आकाशाचा उजेड बाजूने येतो. ढगाळ उजेड या कामाला उत्तम असतो, सावल्या नाहीत आणि चकाकी नाही. लोणावळ्याच्या जुलैचा माणसाला झालेला हा एकमेव लेखी फायदा. भिंग कोरड्या सुती कापडाने पुसलं. फ्लॅश बंद. फोन कार्डाच्या बरोबर वर, जरा उंचावर, आणि कोपरं मांड्यांना टेकवलेली, म्हणजे हात हलत नाहीत. चारही बाजूंना बोट-दोन बोटं घोंगडी दिसली पाहिजे. पडद्यावर नावाच्या अक्षरांवर बोट टेकवायचं, कॅमेरा तिथे स्थिर झाला की श्वास धरून बटण. मामा, मामी, मामेभाऊ आणि मी, सगळ्यांनीच श्वास धरला. त्याची गरज नव्हती.

"एवढं लांबनं बारीक नाही का येणार?" मामेभावाने विचारलं. नाही येत. साध्या फोनचा फोटोही साधारण चार हजार ठिपके रुंद असतो. कार्डाने त्यातली निम्मी रुंदी घेतली तरी दोन हजार ठिपके झाले, आणि ते वाचायला भरपूर होतात. हाच फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की त्याची लांब बाजू साधारण सोळाशेवर येते, वर तो दाबलाही जातो, आणि अक्षरांच्या कडेला करडी धूळ जमते. मित्राच्या चांगल्या फोनने काढलेला फोटो त्यामुळे मेला. फोटो ज्या फोनने काढला त्यावरूनच चढवावा. दुसरीकडे न्यायचाच असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. आणि पाठवण्याआधी स्वतःच मोठा करून बघावा: पॅनवरच्या जन्मतारखेचा प्रत्येक आकडा कडेपर्यंत धारदार दिसतोय का? अंदाज करावा लागला की पुन्हा काढायचा.

फोटो झाला, पण मामेबहीण चढवायला तयार नव्हती. "खात्यात नाव कसं टाकलंय?" हा प्रश्न फोटोआधी विचारायचा असतो, कारण फोटो कितीही निर्मळ असला तरी न जुळणारं नाव तो जुळवू शकत नाही. समजा नाव ज्ञानेश्वर. ते कार्डावर Dnyaneshwar असतं, शाळेच्या दाखल्यावर Dnyaneshvar, आणि दिल्लीकडच्या कुणी भरलं असेल तर Gyaneshwar. मराठी माणूस आयुष्यभर तिन्हींना 'ओ' देतो. यंत्र एकालाच देतं. सुदैवाने मामांच्या खात्यावरचं नाव आणि आडनाव पॅनप्रमाणे होतं. मागच्या गणपतीत मामेभाऊ ते बदलून 'मावळचा वाघ' करणार होता, मामींनी हाणून पाडलं. त्या एका विरोधाने खातं वाचलं, कारण पॅनवर वाघ नाही. तसंच, पानावर नुसते तंबूंचे फोटो होते, मामांचा एकही नव्हता, त्यामुळे चेहऱ्याची व्हिडिओ सेल्फी मागितली असती तर ताडून बघायला तिकडे पोहे आणि शेकोटी एवढंच मिळालं असतं.

राहिली जन्मतारीख. पॅनवर 1 जून. मामींनी लगेच हरकत घेतली, मामांचा जन्म नागपंचमीचा. पण महाराष्ट्रातली एक आख्खी पिढी 1 जूनला जन्मलेली आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. दुकानातल्या पोराने खातं काढताना विचारलं, तेव्हा मामांनी तीच सांगितली होती. खोटी खरी, पण सगळीकडे सारखीच खोटी, आणि जुळायला तेवढं पुरतं.

चढवताना ईमेल मात्र नवं दिलं, ज्याचा पासवर्ड मामांच्या ताब्यात आहे. आणि मामेबहिणीने बजावलं, आता उत्तर येईपर्यंत हात बांधून बसा. तोच तो फोटो तासातासाला पाठवत राहिलं की काही ठिकाणी दार काही काळ बंदच होतं. शिवाय या मधल्या वेळात 'दोन हजारात खातं परत आणून देतो' म्हणणारे भेटतात. मामांनाही एक भेटला. त्याला फक्त आधारचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि फोनवर येणारा ओटीपी हवा होता. मामांनी त्याला तंबूत राहायला बोलावलं. तो आला नाही.

खातं आलं. त्याच आठवड्यात. तोवर हुकलेली दोन दिवसांची बुकिंगं शेजारच्या तंबूवाल्याने घेतली होती, त्यावर मामा अजून बोलतात.

झेरॉक्सवाल्याच्या दुकानात मी नंतर गेलो. त्याच्या संगणकाच्या पडद्यावर, वॉलपेपरवरच्या एकवीरा आईला झाकून, निम्म्या तालुक्याची आधारं मांडलेली होती. aadhar new, aadhar new 2, aadhar final final. त्यात मामांचंही, काळं-पांढरं. 2022 च्या मे महिन्यात आधारवाल्यांच्या बंगळुरूच्या कार्यालयाने एक पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, द्यायचीच तर शेवटचे चार आकडे तेवढे दिसणारं, बाकीचे आठ झाकलेलं आधार द्या. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. झाकलेल्या आधारची सोय मात्र आहे. मी झेरॉक्सवाल्याला म्हटलं, "भाऊ, आमच्या मामांचं तेवढं पुसून टाका."

त्याने ते निवडलं, पुसलं. मी म्हटलं, आता त्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढा. त्याने डबा उघडला आणि आम्ही दोघंही आत बघत राहिलो. बाकीचा अर्धा तालुका तिथे होता.